मारवा की पूरिया : एका ओळीचा राग शोधतानाच्या नोंदी

८ जून

हाताशी काय आहे ते आधी लिहून ठेवतो. आईला तिच्या बाईंनी शिकवलेल्या एका ख्यालाची सुरुवात आठवते. शब्द गेले, अंतरा गेला, ताल विलंबित एकताल असावा असं ती म्हणते. चिजांची वही सांगलीच्या घरात होती, ती २००५ च्या पुरात गेली. बाई आता नाहीत. उरली आहे ती एक ओळ, आणि तीही आई नुसती गुणगुणते. राग कोणता, हे तिला सांगता येत नाही. एक मात्र ती ठामपणे सांगते : "संध्याकाळची चीज आहे, आणि म्हणताना जीव थाऱ्यावर राहत नाही."

राग कळला तर त्या रागातल्या जुन्या चिजा धुंडाळता येतील, निदान ओळीच्या पुढचं अंग आईबरोबर बसून उभं करता येईल. तेवढ्यासाठी हा उद्योग. असंच काही शोधणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून काय चाललं आणि काय फसलं, दोन्ही लिहीत जाणार आहे.

आज फोनवर ओळ ध्वनिमुद्रित केली. तानपुरा नाही, पेटी नाही, आईला सुचली तशी.

९ जून

पेटीवर स्वर काढले. ओळीतला सर्वांत खालचा स्वर पांढरी चारवर पडला आणि तिथून वर सगळी ओळ पांढऱ्या पट्ट्यांवरच बसली : पांढरी चार, पाच, सहा, मग वरची पांढरी एक, दोन, चार, आणि उतरताना दोन, एक, सहा. पांढरी चारला सा धरलं तर हे स्वर होतात सा रे ग प, ध सां, ध प ग. म्हणजे सरळसरळ भूप. शाळेत शिकणाऱ्या मुलीनंही ओळखावा असा.

आईला तसं वाजवून दाखवलं. ती ऐकून घेत होती, पण मान हलवेना. "सूर तेच आहेत रे, पण हे ते नाही. हा किती शांत बसलाय." भूप संध्याकाळनंतर गातात, म्हणजे वेळ फारशी चुकत नव्हती. चुकत होता तो नेमका भाव, आणि आईची खात्री फक्त भावाचीच आहे. म्हणून पेटी बाजूला ठेवून तिला एकच विचारलं : बाईंकडे तू कुठल्या पट्टीत गायचीस? "काळी चार. सगळ्या मुली काळी चार."

सगळी मेख इथे होती. सा काळी चार धरलं की पांढरी चार हा मंद्र धैवत ठरतो आणि ओळ अशी वाचावी लागते :

ध़ ऩि रे ग, म ध, म ग रे

रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकी शुद्ध. या सगळ्या नोंदींत रे म्हणजे कोमल आणि म म्हणजे तीव्रच समजावा. सबंध ओळीत सा नाही, पंचमही नाही. सा वगळून धैवताला षड्ज मानलं की हे पाच स्वर हुबेहूब भूपाचे होतात. काळी चारमध्ये तर ते डोळ्यांना दिसतं : रागाचे बाकी सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर, आणि एकटा सा काळ्यावर.

आठवणीतली ओळ तानपुऱ्याशिवाय घेतली की हा धोका कायम राहतो. गुणगुणणारा माणूस सा मनात धरतो, तोंडाने म्हणत नाही, आणि ऐकणारा दुसऱ्याच स्वराला सा समजून बसतो. म्हणून पहिलं काम स्वर काढण्याचं नाही, सा ठरवण्याचं. ओळ ज्याला आठवते तो पूर्वी कुठल्या पट्टीत गायचा, हे विचारणं हा सगळ्यांत सोपा उपाय. वय झालं की पट्टी उतरते हे खरं, पण आई आवाज लावायला बसली नव्हती, जुनी आठवण जशीच्या तशी बाहेर काढत होती, आणि ती जुन्या पट्टीतच बाहेर आली.

१० जून

सा मिळाला, पण आता खरा पेच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि पंचम वर्ज्य, हे स्वर तीन मोठ्या रागांचे : मारवा, पूरिया, सोहनी. तिघांचे सहाही स्वर तेच. सोहनी लगेच बाद झाला, कारण त्याचं सगळं चलन तार षड्जाच्या आसपास फिरतं, शिवाय तो रात्री उशिराचा. मंद्र धैवतापासून सुरू होऊन मध्य सप्तकात रेंगाळणारी ही ओळ सोहनीची नव्हे.

राहिले मारवा आणि पूरिया. ओळ दोन्हींत बसते. "ध़ ऩि रे ग" हा चढ दोन्ही राग घेतात, कारण दोघेही सा टाळून निषादावरून रिषभावर जातात. "म ध म ग" हेही दोघांत आहे. शेवटच्या रिषभावर थांबलं तर मारवा, आणि तिथून लगेच साकडे उतरलं तर पूरिया. आईची ओळ मात्र तिथेच संपते.

भातखंडे पद्धतीत मारव्याचे वादी-संवादी रिषभ आणि धैवत आहेत, पूरियाचे गंधार आणि निषाद. हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. पण एका ओळीत वादी कुठे शोधायचा, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

१४ जून

स्वरांवरून उत्तर मिळत नसेल तर ठहरावांवरून मिळेल असं धरलं. आईनं वेगवेगळ्या वेळी म्हटलेली ओळ संगणकावर उघडली आणि प्रत्येक स्वर किती वेळ टिकतो ते मोजलं. शेवटचा रिषभ चार सेकंदांच्या आसपास टिकत होता, गंधार जेमतेम दीड. मारवा ठरवून टाकायचा मोह झाला.

ही मोजणी निकामी आहे हे मुद्रण पुन्हा ऐकताना कळलं. ओळीचा शेवटचा स्वर माणूस लांबवतोच. श्वास संपेपर्यंत धरतो, पुढचं आठवत नसलं तर आणखी धरतो. तो रिषभ लांब होता तो रागामुळे की आठवण तुटल्यामुळे, हे सांगता येत नाही. त्यामुळे शेवटचा स्वर मोजणीतून काढून टाकला. उरली ओळीच्या मधली थांबण्याची एकच जागा, "म ध" वरचा धैवत. तो अडीच-तीन सेकंद टिकतो, आणि आई त्याला सरळ, न हलवता लावते. पूरियात धैवत असा उभा राहत नाही. तो निषाद आणि मध्यम यांच्यातून चुटपुटता जातो. हा पुरावा चांगला, पण एकटा.

१७ जून

घरचा मिरजेचा तानपुरा कधीचा पडून होता. जवारी बिघडली होती, ती लावून घेण्यात आठशे रुपये आणि मधले दिवस गेले. फोनवरचा तानपुरा आधी लावून पाहिला होता, पण त्यात पहिली तार पंचमाची येते, आणि या दोन्ही रागांत पंचमच नसल्यामुळे तो सुरू झाला की आईचा तीव्र मध्यम डगमगायचा. तिनं तो बंद करायला लावला.

खऱ्या तानपुऱ्याची पहिली तार मंद्र निषादात मिळवली. पंचम वर्ज्य असलेल्या अशा रागांत ती सोय रूढ आहे. आई गायला बसली, आणि ओळ बदलली. गंधार लांबला, रिषभ आखडला, शेवट "ग, रे सा" असा आपोआप साकडे गेला. ऐकायला सुंदर, भारदस्त, आणि नि:संशय पूरिया. मी त्या दिवशी वहीत "पूरिया" असं लिहिलंही.

संध्याकाळी आईच म्हणाली, "गोड वाटलं, पण मी म्हणते ते हे नाही."

१८ जून

काल काय झालं ते आज समजलं, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही. पहिली तार साऱ्याच तारांप्रमाणे सामध्ये मिळवून आईला पुन्हा बसवलं. गंधार आखूड झाला, रिषभ परत लांबला. गाणारी तीच, ओळ तीच, फक्त एक तार बदलली.

कारण असं. चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. निषादाची तार लावली की गंधाराला आणखी एक सोबती मिळतो, कारण ग आणि नि यांच्यात षड्ज-पंचम भाव आहे. पेटीवर मोजलं तर ग पासून नि सातवी पट्टी. आता रिषभ आणि धैवत पाहा. रे पासून ध आठवी पट्टी, म्हणजे षड्ज-पंचम भाव नाही. शिवाय कोमल रिषभ साला चिकटून, आणि तानपुऱ्यात या दोघांनाही उचलून धरणारा आवाज नाही.

म्हणजे पूरियात गाणारा ज्या दोन स्वरांवर विसावतो त्यांना तानपुरा पाठिंबा देतो. मारव्यात गाणारा अशा दोन स्वरांवर थांबतो ज्यांना तानपुरा थारा देत नाही, आणि ज्या साकडे जावंसं वाटतं त्यालाच तो टाळत राहतो. आईच्या "जीव थाऱ्यावर राहत नाही" या शब्दांचा अर्थ मला तिथे कानानं कळला. तिला आठवत होता तो भाव म्हणजे केवळ उदासी नव्हे. उदास तर पूरियाही असू शकतो. तिला आठवत होतं ते टेकायला जागा नसणं.

सोबतीच्या तारेनंच ओळ ओढली जाते, म्हणून अशा कामात एकाच सुरावटीच्या तानपुऱ्यावर विसंबू नये. दोन्ही लावून पाहावं आणि काय बदलतं ते ऐकावं. मात्र तारेवरून राग ठरवू नये. मारवा गाताना निषादाची तार लावणारे गवई भरपूर आहेत. शिकलेला गवई त्या ओढीला बधत नाही, उलट तिच्याविरुद्ध रिषभ लावून ठेवतो. चाळीस वर्षांनी आठवणाऱ्याला ते जमत नाही.

२२ जून

काही दिवस नुसतं ऐकण्यात घालवले, आणि ते बरेचसे फुकट गेले. कल्पना अशी होती की दोन्ही रागांची मोठ्या गवयांची मुद्रणं आईला ऐकवावीत, जे ऐकून ती "हेच" म्हणेल तो राग.

तिनं उस्ताद अमीर खाँसाहेबांचा (१९१२–१९७४) मारवा ऐकला आणि "हा फार शांत आहे" म्हणून बाजूला ठेवला. पंडित वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांचा मारवा ऐकला आणि म्हणाली, "हा अंगावर येतो, आमच्या बाई असं नव्हत्या गात." पूरियाचं एक संथ मुद्रण मात्र तिला जवळचं वाटलं. तीन उत्तरं, आणि तिन्ही रागाबद्दल नव्हतीच. ती गवयाच्या स्वभावाबद्दल होती. खाँसाहेब लय इतकी संथ ठेवतात, स्वर इतक्या सावकाश बढवतात की बेचैनीवर ध्यानाची साय धरते. वसंतराव तीच बेचैनी उघडी करून मांडतात. बाई यांपैकी कुणासारख्याच गात नसणार, आणि आईच्या कानात बाईंची गायकी आहे.

भावावरून राग ओळखायचा तर "उदास वाटतं का, गंभीर वाटतं का" असे प्रश्न विचारून उपयोग नाही. त्यांची उत्तरं लय, आवाज आणि घराणं यांच्याकडे जातात. विचारायचं ते असं : "गाणारा साला किती वेळानं आला? आल्यावर बरं वाटलं की उशीर झाला असं वाटलं?" खाँसाहेबांचा मारवा आईला हे विचारून पुन्हा ऐकवला. या वेळी ती बराच वेळ गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "येतच नाही की रे हा. आमचंही असंच यायचं नाही."

२९ जून

आज गुरुजी घरी आले. मी पेटी काढायला गेलो तर त्यांनी थांबवलं. "पेटी नको. तू स्वर दिलास की त्या तोच घेतील. आणि रागाचं नावही काढू नकोस."

त्यांनी आधी आईची ओळ तिच्याचसारखी म्हटली. मग तीच ओळ म्हणून शेवट "म ग, ऩि रे सा" असा केला, गंधारावर जरा टेकून. आई लगेच म्हणाली, "नाही, गुरुजी, एवढ्यात घरी नाही आणायचं." त्यांनी पुन्हा म्हटली, या वेळी रिषभावर येऊन थांबले, साची वाट दाखवली पण गेले नाहीत. आईनं काही म्हटलं नाही, डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी मला न सुचलेली गोष्ट केली. ओळ "ध़ ऩि रे ग, म ध" इथपर्यंत म्हटली आणि धैवतावर सोडून दिली. पुढचं म्हटलंच नाही. तानपुरा चालू होता, पहिली तार सामध्येच होती. थोड्या वेळानं आईनं ती ओळ उचलली, आणि आजवर एकदाही न आलेला तुकडा बाहेर आला :

म ध नि ध, म ध म ग रे

गुरुजींनी हात वर केला. "झालं. निषादावरून धैवतावर परतल्या." ते मला नीट समजावून सांगत बसले, तेच इथे लिहितो. पूरियात निषादावरून उतरताना धैवतावर थांबत नाहीत. "नि म ग" अशी निषाद-मध्यमाची संगती हाच त्या रागाचा चेहरा. निषादापासून मध्यमापर्यंत आवाज मींडेनं येतो, धैवताला नुसता कण लागतो, आणि विसावा गंधारावर. मारव्यात निषाद दुबळा. तो धैवताकडे परततो, धैवत उभा राहतो, आणि उतरताना "ध म ग रे" असं सरळ रिषभापर्यंत जातं. चढ दोघांचा सारखा असू शकतो, म्हणून चढावर वेळ घालवू नये. निषादाच्या पलीकडे उतार कसा होतो ते ऐकावं.

आईच्या आठवणीत निषादाचा तो तुकडा होताच. मूळ ओळ तिथपर्यंत पोचत नव्हती म्हणून आम्हाला मिळत नव्हता. ओळ शेवटाला नेली की आठवण रिषभावर बंद व्हायची. मध्येच तोडल्यावर ती पुढे गेली.

३० जून

उलटतपासणी म्हणून, गुरुजी नसताना आईला धैवताऐवजी गंधारावर सोडून पाहिलं : "ध़ ऩि रे ग" म्हणून गप्प बसलो. पूरिया असता तर गंधारावर ती निवांत बसली असती, किंवा खाली मंद्रात निषादाकडे वळली असती, कारण पूरियाचा जीव मंद्रात आहे. ती गंधारावर टेकलीच नाही. तिथून रिषभावर परतली, पुन्हा गंधार, मध्यम, आणि धैवतावर जाऊन उभी राहिली. मग निषादाची तार लावून तेच केलं. गंधार थोडा लांबला, तरी थांबणं धैवत आणि रिषभावरच राहिलं. १७ तारखेला तारेनं ओढून नेलेली ओळ आज ओढली गेली नाही, कारण आता तिच्यापुढे पुढचा तुकडाही होता.

वहीतलं "पूरिया" खोडून "मारवा" लिहिलं.

६ जुलै

एकताल हातानं धरून आईला दोन्ही तुकडे म्हणायला लावले. सम "म ध" च्या धैवतावर पडते. मुखडा मंद्र धैवतापासून उठतो आणि मध्य धैवतावर समेला येतो. गुरुजींना फोन करून सांगितलं तर म्हणाले, धैवतावर सम असलेल्या मारव्याच्या विलंबित चिजा आधी काढतो, एकतालातल्याच, बाकीच्या नंतर पाहू. त्यांच्याकडच्या वह्यांतून ते तशा चिजा वेगळ्या काढताहेत. आईला त्या शब्दांशिवाय, नुसत्या आकारात ऐकवायच्या असं ठरलं आहे, म्हणजे ओळखीचा शब्द ऐकून ती हो म्हणणार नाही. पहिली बैठक पुढच्या रविवारी, दिवस मावळायच्या सुमारास, पहिली तार सामध्ये.